रायगड नकाशावर नेमका कुठे?

मुक्त ज्ञानकोशात एखाद्या गावाचा, देवळाचा किंवा किल्ल्याचा लेख उघडला की वरच्या कोपऱ्यात किंवा माहितीच्या चौकटीत दोन आकडे दिसतात. एक अक्षांश, दुसरा रेखांश. त्यांच्यावर बोट ठेवलं की नकाशांची यादी उघडते, आणि हवा तो नकाशा निवडला की त्या जागी खूण दिसते. हे आकडे कुणीतरी हाताने लिहिलेले असतात, किंवा दुसऱ्या यादीतून यंत्राने उचललेले असतात. त्यामुळे ते चुकतात. पण ते वाटेल तसे चुकत नाहीत. चुकीची खूण कुठे जाऊन पडली हे पाहिलं, तर चूक कशी झाली हे बहुतेक वेळा सांगता येतं. आज एकच ठिकाण घेऊन हे पाहू. ठिकाण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे : किल्ले रायगड. जवळ कागद-पेन्सिल असली तर बरं.

रायगडाचा अक्षांश साधारण १८ अंश १४ मिनिटं उत्तर, आणि रेखांश ७३ अंश २६ मिनिटं पूर्व. एका अंशात ६० मिनिटं असतात. गडाची जागा दशांशात लिहिली तर १८.२३ आणि ७३.४४ अशी येते; मिनिटं देताना वरचे सेकंद सोडून दिले आहेत, म्हणून २६ मिनिटांचे थेट दशांश केले तर ते किंचित कमी भरतात. अंतराचा अंदाज असा ठेवा : अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाताना आखडत जातो. आपल्या कोकणात तो साधारण १०६ किलोमीटर भरतो. एवढ्या भांडवलावर पुढचं सगळं गणित होतं.

आधी ढोबळ चुका पाहू. दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर रायगड ७३ अंश उत्तरेला आणि १८ अंश पूर्वेला जातो. ही जागा नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात आहे. अशी अदलाबदल होण्याला कारण असतं. ज्ञानकोशात अक्षांश आधी लिहितात, पण नकाशाच्या काही फायलींमध्ये रेखांश आधी येतो. तिथून आकडे उचलताना क्रम बदलायचा राहून गेला, की गड समुद्रात. भारताच्या मुख्य भूमीपुरता ओळखीचा नियम सोपा आहे : अक्षांश ८ ते ३८ च्या दरम्यान, रेखांश ६८ ते ९८ च्या दरम्यान. म्हणजे पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा नेहमी लहान. मोठा दिसला की अदलाबदल झाली असं समजा.

दुसरी ढोबळ चूक दिशेची. पूर्वच्या जागी पश्चिम लिहिलं, किंवा रेखांशाआधी उणे चिन्ह पडलं, तर रायगड हैती देशाच्या दक्षिण किनाऱ्यालगत पोचतो. उत्तरेच्या जागी दक्षिण झालं, तर खूण हिंदी महासागरात, मॉरिशसच्या बरीच पूर्वेला पडते. या चुका कुणाच्याही नजरेत भरतात, म्हणून त्या फार दिवस टिकत नाहीत.

टिकते ती वेगळीच चूक. जी खूण महाराष्ट्रातच पडते, डोंगरातच पडते, ती कुणाला खटकत नाही. या जातीची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ.

कुणीतरी १८ अंश १४ मिनिटं वाचलं आणि लिहिलं १८.१४. तसंच ७३ अंश २६ मिनिटांचं केलं ७३.२६. आता खूण खऱ्या जागेपासून सुमारे १० किलोमीटर दक्षिणेला आणि १९ किलोमीटर पश्चिमेला जाते. जिल्हा रायगडच राहतो, पण खूण माणगावच्या दक्षिणेला पडते. ही चूक भारतात नेहमी एकाच बाजूला ढकलते : नैऋत्येला. का, तर १४ मिनिटं म्हणजे ६० पैकी १४, आणि दशांशातले १४ म्हणजे १०० पैकी १४. शंभरातला वाटा साठातल्या वाट्यापेक्षा लहानच असणार. म्हणून दोन्ही आकडे घटतात, आणि आपल्याकडे आकडा घटणं म्हणजे दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकणं. ही घट कितीही झाली तरी ०.४ अंशाच्या आतच राहते, म्हणजे कुठल्याही एका दिशेला ४४ किलोमीटरच्या आत. तेव्हा एखादी खूण खऱ्या जागेच्या नैऋत्येला आणि या मर्यादेत सापडली, तर सगळ्यांत आधी हाच संशय घ्यावा.

याच्या उलटही घडतं. कुणीतरी १८.२३ हा दशांश पाहतो आणि त्याचे १८ अंश २३ मिनिटं करतो. ७३.४४ चे ७३ अंश ४४ मिनिटं करतो. आता खूण ईशान्येला सरकते, सुमारे १७ किलोमीटर उत्तरेला आणि ३१ किलोमीटर पूर्वेला. नकाशावर ही जागा शोधली की गंमत कळते. ती सिंहगडापासून जेमतेम ३ किलोमीटरवर, त्याच्या वायव्येला आहे! म्हणजे रायगड म्हणून दाखवलेली खूण सह्याद्रीतच, एका मोठ्या किल्ल्याच्या शेजारी. वरवर पाहणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही.

मग हे पकडायचं कसं? लेखातल्याच वाक्यांना साक्षीला बोलवायचं. रायगड महाडच्या उत्तरेला आहे. महाडचा अक्षांश १८ अंश ५ मिनिटं, रेखांश ७३ अंश २५ मिनिटं. रायगडाच्या खऱ्या आकड्यांतून हे वजा केलं, तर ९ मिनिटं उत्तर आणि १ मिनिट पूर्व उरतात. अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचं, म्हणजे गड महाडपासून सरळ रेषेत साधारण १७ किलोमीटर, जवळजवळ थेट उत्तरेला. रस्त्याने जाताना अंतर पंचवीस किलोमीटरच्या घरात जातं, आणि घाटवळणांच्या मुलखात ते तसंच असायला हवं. रस्त्याचं अंतर सरळ रेषेपेक्षा कमी येत असेल, तर तिथेच थांबावं. दोन्हींपैकी एक आकडा नक्की चुकलेला आहे.

आता माणगावच्या दक्षिणेला पडलेली ती चुकीची खूण याच कसोटीला लावून पाहा. महाडपासून तिचं अंतर भरतं जवळपास १८ किलोमीटर. म्हणजे अंतर जुळलं! फक्त अंतर पाहणाऱ्याने ती खूण बरोबर म्हणून सोडून दिली असती. पण दिशा पाहिली तर ती महाडच्या उत्तरेला नाही, पश्चिमेकडे कललेली आहे. म्हणून अंतर आणि दिशा दोन्ही तपासायची सवय ठेवावी. एकटं अंतर फसवतं.

दुसरी साक्ष पाण्याची. रायगड काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये उभा आहे. हे पाणी सावित्रीत जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. सिंहगडाच्या पायथ्याचं पाणी मुठेत जातं, मुठेतून भीमेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. खूण घाटमाथ्याच्या कुठल्या बाजूला आहे एवढं पाहिलं, की रायगडाचा सिंहगडाजवळ गेलेला मुक्काम लगेच उघडा पडतो.

तिसरी साक्ष उंचीची. गडाची उंची सुमारे ८२० मीटर सांगितली जाते. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघडून खुणेखाली किती उंची येते ते पाहावं. माणगावच्या बाजूच्या टेकड्या तेवढ्या उंच नाहीत. त्यावर उपग्रहाचं चित्र पाहिलं, की चारही बाजूंनी तुटलेले कडे आणि सपाट माथा दिसला पाहिजे.

एक सावधगिरी. ज्ञानकोशातला आकडा दुसऱ्या संकेतस्थळावरही तसाच सापडला, म्हणून तो खरा ठरत नाही. अशा याद्या एकमेकींकडून आकडे घेत असतात. विकिडेटामध्ये कित्येकदा आकड्याखालीच लिहिलेलं असतं, की तो अमुक भाषेच्या विकिपीडियातून आणला आहे. म्हणजे तीन ठिकाणी एकच आकडा दिसला, तरी साक्षीदार एकच असू शकतो. लेखाचा इतिहास उघडून आकडा केव्हा बदलला, कशासाठी बदलला हे पाहणं अधिक उपयोगाचं.

नावाचाही घोळ तपासावा. रायगड किल्ला आहे आणि रायगड जिल्हाही आहे. जिल्ह्याचं ठाणं अलिबाग, किल्ल्यापासून बरंच दूर समुद्रकाठी. छत्तीसगडात रायगढ नावाचं शहर आहे, त्याचा रेखांश ८३ च्या पुढे जातो. खूण थेट अलिबागेत किंवा छत्तीसगडात सापडली, तर गणितात चूक शोधत बसू नये. आकडे दुसऱ्याच रायगडाचे आहेत.

आता चूक कशाला म्हणायचं, हेही ठरवायला हवं. समजा आकडे १८.२३३३ आणि ७३.४३३३ असे दिसले. शेवटी ओळीने तीन दिसतात, कारण हे मुळात पूर्ण मिनिटांत लिहिलेले होते आणि नंतर यंत्राने त्यांचे दशांश केले. दशांशानंतर चार आकडे असले, तरी मूळ माप मिनिटाएवढंच ढोबळ, म्हणजे दोन्हीकडे एकेक किलोमीटरपर्यंतची सूट धरून वाचायचं. ही खूण गडाच्या मध्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर सरकली तर ती ढोबळ आहे, चुकीची नाही. शिवाय गड म्हणजे एक बिंदू नव्हे. महादरवाजा, राजसदर, जगदीश्वराचं मंदिर यांच्या जागा वेगवेगळ्या आहेत. किल्ल्यासाठी दोघांनी दोन वेगळे बिंदू निवडले, तर दोघेही बरोबर असू शकतात. पण जगदीश्वराच्या मंदिराचा स्वतंत्र लेख असेल, तर तिथे शंभर मीटरची तफावतही खटकली पाहिजे.

आणि आकडा दुरुस्त करायचा झाला, तर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. जुनी खूण कुठे पडत होती, चूक कुठल्या प्रकारची होती, आणि नवा आकडा कोणत्या नकाशावर, गडाच्या कोणत्या जागेवर मोजला. माप जेवढं बारीक आहे तेवढेच आकडे द्यावेत. दशांशानंतर सहा आकडे दिले, तर आपण वीतभराहूनही कमी जागेचा दावा करत असतो. साक्षी आपसांत जुळत नसतील, तर आकड्याला हात न लावता लेखाच्या चर्चापानावर दोन्ही बाजू मांडाव्यात. पुढे येणाऱ्याला सगळं गणित पुन्हा करावं लागणार नाही, आणि आपली दुरुस्ती चुकली असेल तर ती कुठे चुकली हेही त्याला सापडेल.