दोन औषधांची एक गोळी

मंडळी, आज आम्ही जुलाबाच्या गोळीविषयी बोलणार आहोत.

समजा, तुकारामाला पाण्यासारखे जुलाब झाले. तो मेडिकलात गेला. दुकानदाराने चार गोळ्या कापून दिल्या. पाकिटावर दोन औषधांची नावे होती, ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल. तुकारामाला वाटले, एका पैशात दोन औषधे मिळाली, बरेच झाले!

पण पहिले औषध एका जातीच्या जंतूंना मारते. दुसरे मुख्यतः आवेच्या जंतूंना मारते. दोन्ही रोग एकाच वेळी एकाच माणसाला होणे, हे क्वचितच घडते. म्हणजे गोळीतले निदान एक औषध बहुधा फुकट जाते. आणि पाण्यासारख्या जुलाबात तर बहुतेक वेळा दोन्ही फुकट जातात. असे जुलाब पुष्कळदा विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर ही औषधे चालत नाहीत. जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात आणि नाव गोळीचे होते.

फुकट गेलेले औषध गप्प मात्र बसत नाही. ऑर्निडाझोलने मळमळते, चक्कर येते, तोंडाला धातूची चव येते. ऑफ्लॉक्सॅसिनने कोणाकोणाच्या, विशेषतः म्हाताऱ्यांच्या, टाचेमागची शीर दुखू लागते. शिवाय पोटातले चांगले जंतू मरतात. औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात आणि वाढतात. पुढे खरी गरज पडली, म्हणजे तेच औषध लागू पडत नाही.

आणखी एक अडचण आहे. रक्ताच्या हगवणीवर डॉक्टर जे औषध देतात, ते बहुधा तीन दिवसांचे असते. आव असेल तर बहुधा मेट्रोनिडाझोल देतात. ते दिवसातून तीनदा, पाच ते दहा दिवस घ्यावे लागते. दोन औषधे एका गोळीत बांधली, की एकाचे दिवस वाढवून दुसरे थांबवता येत नाही. दोन बैल एका जुवाला जुंपले, पण एकाला शेतात जायचे आणि एकाला बाजारात!

मग तुकारामाने काय करावे? एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. हे पाणी थोडे थोडे पीत राहावे. जेवण बंद करू नये. शौचात रक्त पडले, ताप चढला, लघवी कमी झाली किंवा लहान मूल सुस्त पडले, तर लगेच दवाखान्यात जावे. तिथे गरज वाटली तर शौच तपासतील आणि रोगाला लागू पडेल असे एकच औषध देतील.

पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, अशी ती खूण आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सगळ्याच जोडगोळ्या वाईट नसतात. क्षयाच्या गोळीत चार औषधे असतात, कारण एकाच औषधाने क्षयाचे सगळे जंतू मरत नाहीत. दवाखान्यातून मिळालेली ती गोळी आमचे बोलणे ऐकून कोणी सोडू नका.