दहा टक्क्यांचे अठरा

दुचाकीच्या शोरूममध्ये एका कोपऱ्यात फायनान्सचं टेबल असतं. तिथे सांगतात, ‘10 टक्के फ्लॅट’. तुमची बँक मात्र घटत्या शिलकीवर 14 टक्के मागते. साहजिकच आपण शोरूममध्येच सही करतो. त्या सहीचा हिशेब आज मांडू.

कर्ज 72,000 रुपये, मुदत 36 महिने. फ्लॅट दराचं गणित तोंडी होतं, आणि तिथेच ते फसवं आहे. वर्षाचं व्याज 7,200, तीन वर्षांचं 21,600. मुद्दलात मिळवा, 36 नं भागा. हप्ता 2,600 रुपये. त्यात मुद्दल 2,000 आणि व्याज 600 धरलेलं.

आता शेवटच्या हप्त्याकडे पाहा. या वाटणीप्रमाणे तुमच्याकडे मुद्दल उरलं फक्त 2,000, तरी त्या महिन्याचं व्याज 600! पूर्ण 72,000 रुपये तुमच्या हाती फक्त पहिला महिना होते. नंतर दर महिन्याला तुम्ही ते परत करत गेलात. व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारलं.

बँकेचे 14 टक्के लावून पाहा. तिथे व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून हप्ता येतो सुमारे 2,461 आणि एकूण व्याज साधारण 16,600. म्हणजे ‘महाग’ बँक पाच हजारांनी स्वस्त पडली. शोरूमचा दर घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर तो जवळजवळ 18 टक्के भरतो. फ्लॅट दराची दुप्पट करा, असं काही जण सांगतात. अंदाजाला ठीक, पण ती थोडी जास्त होते. नेमका आकडा हवा असेल तर मुलांना संगणकावर एक्सेलमध्ये हे टाकायला सांगा:

```
=RATE(36,-2600,72000)*12
```

फायनान्सवाल्याचं म्हणणं असतं, ‘दर लपवला कुठे? हप्ता तर सांगितलाच.’ खरं आहे. म्हणूनच दर बाजूला ठेवून रक्कम, मुदत आणि हप्ता हे तीनच आकडे विचारावेत. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेनं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं केलं आहे. त्यात एपीआर म्हणजे वार्षिक दर छापलेला असतो, प्रोसेसिंग फीसारखा खर्च धरून. सहीआधी तो कागद मागून घ्या.

आणखी एक गंमत. दीड वर्षानं कर्ज फेडून टाकायला गेलात, तर तुमच्या मते निम्मे, म्हणजे 36,000 उरलेले असतात. सावकाराच्या वहीत मात्र तेच कर्ज सहसा 18 टक्क्यांच्या हिशेबानं मांडलेलं असतं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा धरलेला असल्यानं तिथे बाकी निघते सुमारे 40,800. मुदतीआधी फेडण्याचा दंड करारात असेल, तर तो यावर वेगळा.