तोडणीची पाळी आणि डिलिव्हरीची तारीख



कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या अनेकांच्या घरी ऊस असतो. माल देण्याची तारीख ठरलेली असते, पण तोडणीची टोळी कधी येईल ते ठरलेलं नसतं. अशा वेळी रजा कशी मागायची, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, एक व्हीएमसी सेटर 1 जुलैपासून सात महिन्यांच्या करारावर आहे. नव्या कास्टिंगचा पहिला लॉट 15 जानेवारीला गेलाच पाहिजे. उसाची पाळी डिसेंबरात येईल आणि चार दिवस लागतील. भरपगारी रजेचं प्रमाण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असं आहे आणि मुदतीच्या कामगारालाही ते कायम कामगारासारखंच लागू होतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्याचे सव्वाशेच्या आसपास दिवस भरतात, म्हणजे सहा दिवसांचा हिशेब होतो. प्रश्न उरतो तो चार दिवस नेमके कधी घ्यायचे, हा.

इथे 15 जानेवारीकडे बघून उपयोग नाही, कामाचे टप्पे बघायचे. कास्टिंग 5 डिसेंबरला येणार. त्यानंतर फिक्स्चर बसवणं, प्रोग्रॅम चालवून बघणं आणि पहिला जॉब पास करणं या आठ-दहा दिवसांत सेटरवाचून चालत नाही. पुढे जॉब मोजणीला जातो, रिपोर्ट ग्राहकाकडे जातो आणि मंजुरीची वाट बघावी लागते. रजेची जागा इथे आहे.

म्हणून त्याने नोव्हेंबरच्या शेवटीच सुपरवायझरना लेखी अर्ज द्यावा: "साहेब, 18 ते 26 डिसेंबरच्या दरम्यान टोळी येईल ते चार दिवस मला द्या. मुकादमाचा निरोप आला की लगेच कळवतो." कारखाने अधिनियम 1948 मध्ये पंधरा दिवस आधी अर्ज करण्याची अट होती. ती शिस्त आजही कामाची आहे.

अर्जात आणखी दोन गोष्टी लिहाव्यात. पहिली, मागे मशीन कोण बघणार. त्या सहकाऱ्याने रजेआधी एक जॉब स्वतः सेट करून, मोजून दाखवावा. टूलची यादी आणि ऑफसेट नुसते लिहून ठेवले, तर टूल तुटल्यावर मशीन थांबतं आणि फोन शेतात येतो.

दुसरी, कास्टिंग उशिरा आलं तर काय करायचं. 10 डिसेंबरपर्यंत ते आलं नाही, तर पहिला जॉब नेमका रजेच्या दिवसांत येणार. तेव्हा तोडणीला भाऊ उभा राहील आणि रजा लॉट गेल्यावर, करार संपण्याआधी मिळेल, हे त्याने आणि सुपरवायझरनी आधीच मान्य करावं.

करार संपत आला की पुढे ढकललेली रजा घ्यायला दिवसच उरत नाहीत. म्हणून अर्जाच्या प्रतीवर सही घ्या आणि उरलेल्या रजेचे पैसे शेवटच्या हिशेबात धरले जातील, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.