संपादकाला दहा ओळी



आज एका छोट्या कागदाबद्दल बोलतो. वर्तमानपत्राच्या संपादकाला बातमीची कल्पना सुचवणारा मेल. आपल्याकडचे असे मेल बहुधा "मी अमुक संघटनेचा तालुकाध्यक्ष" इथून सुरू होतात. चौथ्या परिच्छेदात समाजावरचा अन्याय येतो आणि बातमी कुठेच येत नाही. संपादकाला मात्र एवढंच हवं असतं, की नवीन काय, कोणाला फरक पडतो आणि पुरावा कोणता.

आपल्या हिंगोलीचंच उदाहरण घेऊ. मूल जन्मल्यावर वर्षभरात नोंद झाली नाही, तर पुढे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने अशी उशिराची प्रमाणपत्रं देणं थांबवलं, मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आणली. तेव्हापासून घराघरात एकच प्रश्न आहे, "आमच्या अर्जाचं काय झालं?" हा प्रश्न झाला, बातमी अजून नाही. बातमी व्हायला आकडा लागतो.

तो माहिती अधिकारातून मिळतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत लागतो, फी 10 रुपये. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांसाठी पाच अर्ज, म्हणजे 50 रुपये. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. "सरासरी किती दिवस लागतात?" असं विचारू नका. हिशोब करून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. असलेली नोंद देणं आहे. म्हणून अर्ज आल्याची तारीख आणि निर्णयाची तारीख मागा, नावं झाकून. बेरीज-भागाकार आपण करू. उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील.

उत्तरं हातात आली की मेल असा. आकडे मी मुद्दाम कोरे ठेवलेत, बाकीचा तपशील नमुन्यापुरता आहे.

"विषय: बातमीचा प्रस्ताव – हिंगोलीत उशिराच्या जन्मनोंदीला किती दिवस?

संपादक महोदय,
मार्च 2025 च्या नव्या कार्यपद्धतीनंतर हिंगोली जिल्ह्यात उशिराच्या जन्मनोंदीचे ___ अर्ज आले, त्यांपैकी ___ प्रलंबित आहेत. एका तालुक्यात निर्णयाला सरासरी ___ दिवस लागतात, शेजारच्या तालुक्यात ___. पाचही तालुक्यांची माहिती अधिकारातली उत्तरं माझ्याकडे आहेत. तीन कुटुंबं नावानिशी बोलायला तयार आहेत. त्यांतली दोन ऊसतोडीला जाणारी. अधिकाऱ्यांची बाजू अजून घेतलेली नाही.
800 शब्दांत शनिवारपर्यंत देऊ शकतो. आपल्या वार्ताहराने लिहायचं ठरलं तर कागद त्यांना देईन. माझ्या चुलतभावाचा असा अर्ज प्रलंबित आहे. तो या बातमीत घेतलेला नाही.
नाव, गाव, फोन"

बस्स. पदवी, पुरस्कार, संघटना काही नाही. "मी" येतो तो कागद कोणाकडे आहेत हे सांगण्यापुरता, आणि चुलतभावापाशी. ते वाक्य गाळावंसं वाटेल. गाळू नका. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं तर आकडे खरे असूनही संशय राहतो. "बाजू घेतलेली नाही" हेही तसंच. संपादक तो प्रश्न विचारणारच आहे.

आता अवघड गोष्ट. मेलमध्ये 'मुस्लिम' हा शब्द नाही, हे कोणीतरी विचारेल. आपण मागितलेल्या तारखांमधून धर्म कळत नाही, म्हणून धर्माचा दावा त्या आकड्यांवर उभा राहत नाही. घरी किंवा फडावर जन्मलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्याही नोंदी राहून जातात. एखाद्या कुटुंबाला आडनाव पाहून वेगळे कागद मागितले असतील, तर ती वेगळी बातमी आहे आणि तिला वेगळा पुरावा लागेल: कोणाला काय मागितलं, लेखी की तोंडी, त्याच महिन्यात दुसऱ्या अर्जदाराला काय मागितलं. तो जमला की तिचा मेल स्वतंत्र लिहा, आणि तेव्हा तो शब्द बिनधास्त लिहा.

पाठवण्याचं थोडं सांगतो, ते माझ्या धंद्यातलं आहे. मजकूर मेलमध्येच युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधली फाइल समोरच्याकडे तो फाँट नसेल तर खिचडी होऊन उघडते. कोणाचं आधार किंवा जन्मदाखला पहिल्याच मेलला जोडू नका. माहिती अधिकारातलं एखादं उत्तर पुरे. एका वेळी एकच संपादक. बारा जणांना एकत्र पाठवलेला मेल बाराही जणांना प्रेसनोट वाटतो. आठवडाभर वाट पाहा, दोन ओळींची एक आठवण करा, तरी उत्तर नाही आलं तर त्यांना तसं कळवून पुढच्या वर्तमानपत्राकडे जा. तोवर नव्या तारखा मागवून ठेवा, कारण महिनाभरात प्रलंबित अर्जांचा आकडा बदललेला असतो.