चित्र आपल्या पडद्याचं, हक्क कुणाचा?

आमच्या गटांनी ठरवलंय, एक्सेलमध्ये बचत गटाचं रजिस्टर कसं ठेवायचं याची पुस्तिका काढायची. किंमत ८० रुपये. त्याच माहितीचा व्हिडिओ करायचा आणि फी घेऊन दाखवायचा. पुस्तिकेत पडद्याची चित्रं हवीत, म्हणजे स्क्रीनशॉट. बैठकीत प्रश्न आला, "संगणक आपला, नोंदी आपल्या, मग परवानगी कशाला?"

कारण असं आहे की नोंदी आपल्या असल्या, तरी पडद्यावरची बटणं, चिन्हं आणि मांडणी कंपनीने तयार केलेली असते. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो संगणकाच्या प्रोग्रामलाही पुस्तकासारखं संरक्षण देतो. स्वतः शिकण्यासाठी किंवा वर्गात शिकवताना वापर करायला कायद्यात सवलत आहे. पण छापून विकलेली पुस्तिका किंवा पैसे घेऊन दाखवलेला व्हिडिओ त्या सवलतीत बसेलच असं धरून चालू नये. सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे ते वापरायचा हक्क मिळाला. त्याचं चित्र छापून विकायचा हक्क त्यातून आपोआप येत नाही.

म्हणून पहिलं काम हे, की कंपनीने चित्रांबद्दल काय अटी लिहून ठेवल्यात ते वाचायचं. एक्सेल मायक्रोसॉफ्टचं आहे. या कंपनीच्या अटींनुसार शिकवण्याची पुस्तकं, व्हिडिओ, वेबसाइट यांत स्क्रीनशॉट वापरायला वेगळं पत्र लिहावं लागत नाही, पण काही अटी पाळाव्या लागतात. आमच्या पुस्तिकेला त्या कशा लागू पडतात ते सांगतो.

एक अट अशी की चित्र लहान-मोठं करता येतं, पण त्यात दुसरा बदल करायचा नाही आणि तुकडा कापून वापरायचा नाही. आपल्याला तर सवय असते, हवं ते बटण कापून घ्यायचं, त्यावर लाल बाण काढायचा. तसं न करता आम्ही आधी एक्सेलची खिडकी लहान करतो आणि मग Alt + Print Screen दाबतो. त्याने फक्त त्या खिडकीचं चित्र येतं, नंतर कापायची गरजच पडत नाही. कोणतं बटण दाबायचं ते चित्राखाली शब्दांत लिहितो.

दुसरी अट म्हणजे चित्रात ओळखू येईल असा माणूस नको आणि दुसऱ्या कुणाच्या मालकीचा मजकूर नको. एक्सेलमध्ये खात्याने आत गेलं की वर उजव्या कोपऱ्यात नाव किंवा फोटो दिसतो. तिकडे लक्ष जात नाही आणि कुणा ताईचा फोटो पाचशे प्रतींत छापला जातो. म्हणून आधी खात्यातून बाहेर पडा. रजिस्टरवर बँकेचं बोधचिन्ह किंवा इंटरनेटवरून घेतलेलं चित्र लावलं असेल तर काढून टाका. सभासदांच्या खऱ्या नोंदीही नकोत. कुणाचं किती कर्ज थकलंय, हे आपण बैठकीबाहेर बोलत नाही, मग पुस्तिकेत कसं छापणार? "सभासद १, सभासद २" अशी नावं आणि काल्पनिक आकडे घाला.

तिसरी अट श्रेयाची. पुस्तिकेत ही ओळ जशीच्या तशी द्यायची:

```
Used with permission from Microsoft.
```

कंपनीचा लोगो मात्र मुखपृष्ठावर किंवा आपल्या वेबसाइटच्या माथ्यावर लावू नका. लोगोचे नियम वेगळे असतात, आणि तो पाहून ही पुस्तिका कंपनीनेच काढली असं लोकांना वाटू शकतं.

या झाल्या एका कंपनीच्या अटी. दुसऱ्या कंपनीच्या वेगळ्या असतील. हिशेबाचं एखादं अ‍ॅप छोट्या कंपनीचं असेल आणि चित्रांबद्दल कुठेच काही लिहिलेलं नसेल, तर ईमेलने विचारा. कोणती आणि किती चित्रं, पुस्तकात, व्हिडिओत की वेबसाइटवर, किंमत किती, प्रती किती, हे सगळं त्यात लिहा. पुस्तकासाठी मिळालेला होकार व्हिडिओला चालेलच असं नाही, म्हणून तिन्हींचं एकदमच विचारा. फोनवरचा होकार पुरेसा नाही. लेखी उत्तर घ्या आणि गटाच्या फाइलमध्ये ठेवा. उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नका.

तरी काम अडत नाही. लिबरऑफिस कॅल्क हा प्रोग्राम मुक्त परवान्यावर मिळतो. रजिस्टर त्यात करून त्याची चित्रं घेता येतात. नाहीतर कागदावर रकाने आखून आपलं स्वतःचं चित्र काढता येतं.

मैत्रिणींनो, पुस्तिका छापखान्यात देण्याआधी एक काम करा. प्रत्येक चित्रासमोर वहीत लिहा: प्रोग्राम कोणता, परवानगी कुठून मिळाली, चित्रात कुणाचं नाव किंवा फोटो दिसतो का. ज्या चित्रासमोरची जागा रिकामी राहील, ते चित्र छापायचं नाही.