तेच उत्तर पुन्हा आले, म्हणजे ते खरे का?

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या सर्वेक्षणाच्या तयारीसाठी जमलेल्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, समाजशास्त्राची प्राध्यापिका नाही. पण माझ्या लहानपणीची एक गोष्ट आपल्या आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. आम्ही उल्हासनगरला राहायचो. कारखान्यातून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे घरी यायचे आणि अम्मी दुपारभर बसून त्यांचे लोंबणारे धागे कापायची. पैसे नगावर मिळायचे. एकदा पाहणी करणारे कोणी दारात आले. त्यांनी विचारले, "आप काम करती हैं?" अम्मीच्या मांडीवर जीन्स होती, हातात कात्री होती. ती म्हणाली, "नहीं, मैं तो घर पे ही रहती हूँ." त्यांनी "नाही" लिहिले आणि गेले.

अम्मी खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी काम म्हणजे सकाळची लोकल पकडून जाणे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की मुस्लिम स्त्रियांमध्ये घरी बसून केलेल्या कामाचे प्रमाण मोठे आहे. प्रश्न चुकला की नेमके हेच काम कागदावरून पुसले जाते, आणि मग "यांच्या बायका कामच करत नाहीत" हे वाक्य आकड्याच्या आधाराने फिरते. आपण तिन्ही शहरांत बायकांच्या कामाची पाहणी करणार आहोत. अहवालातल्या "पद्धती" या भागात आपली प्रश्नावली कशी तयार झाली ते लिहावे लागेल. ते कसे करायचे आणि कसे लिहायचे, एवढेच मी आज सांगणार आहे. त्यासाठी मी एकच प्रश्न घेते: बाई काम करते का?

पहिली पायरी, प्रश्न घडवणे. घरी बसून प्रश्न लिहू नका. आधी आठ-दहा बायकांशी मोकळेपणी बोला आणि त्यांचेच शब्द टिपा. कोणी "माल आला" म्हणेल, कोणी "पीस", कोणी "धागा कटिंग". "घरकाम" हा शब्द तर फसवाच आहे. कोणाला तो स्वतःच्या घरातला स्वयंपाक वाटतो, कोणाला दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. हे शब्द हाताशी आले की प्रश्न असा होतो: "घरी बसून किंवा बाहेर, पैसे मिळतील असे काही केले का? जसे धागे कापणे, शिवण, डबे देणे, शिकवणी घेणे." सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही घर सांभाळते असे सांगणाऱ्या बाईला शिवणकाम, विणकाम वगैरेंबद्दल वेगळे खोदून विचारण्याची पद्धत राहिली आहे. कारण तेच आहे.

आपण लिहितो मराठीत, पण अनेक घरांत विचारणार हिंदीत. म्हणून एकीने हिंदी करायचे, आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसरीने ते परत मराठीत आणायचे. दोन्ही मराठी शेजारी ठेवले की अर्थ कुठे निसटला ते दिसते.

दुसरी पायरी, पूर्वचाचणी. आधी पाच-सहा जणींना प्रश्न विचारा आणि उत्तरानंतर म्हणा, "मी काय विचारले, ते तुमच्या शब्दांत सांगा." इथे मजेशीर गोष्टी निघतात. "गेल्या वर्षी तुम्ही कॅम्पला गेला होता का?" असे आपण आरोग्य शिबिराबद्दल विचारू. उल्हासनगरची बाई म्हणेल, "मी कॅम्पातच राहते, जाणार कुठे?" आपल्याकडे कॅम्प म्हणजे पत्ता! मग तीस-चाळीस घरांत पूर्ण प्रश्नावली चालवून बघा. ही घरे मुख्य नमुन्यात नकोत. किती मिनिटे लागली, कोणता प्रश्न रिकामा राहिला, उत्तर देताना शेजारी कोण बसले होते, हे प्रत्येक वेळी लिहा. सासू समोर असताना सुनेच्या कमाईचे उत्तर बदलत असेल, तर ते इथेच कळते.

तिसरी पायरी, विश्वसनीयता. म्हणजे तोच प्रश्न त्याच बाईला थोड्या दिवसांनी विचारला तर तेच उत्तर येते का. यात एक खड्डा आहे. "गेल्या सात दिवसांत" असे विचारले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच विचारले, तर मधल्या काळात माल येणे थांबलेले असू शकते. उत्तर बदलेल, पण दोष प्रश्नाचा नसेल. म्हणून फेरचाचणीत काळ बांधून घ्या: "गेल्या रमजान ईदपासून बकरी ईदपर्यंत." दोन्ही वेळा तोच काळ, आणि तो प्रत्येकीला आठवतो.

आता हिशेब. आकडे फक्त समजण्यासाठी मी मांडलेले आहेत. समजा ५० बायकांना दोनदा विचारले. ८ जणी दोन्ही वेळा "हो" म्हणाल्या आणि ३४ जणी दोन्ही वेळा "नाही". ५ जणी आधी "हो", मग "नाही". ३ जणी त्याच्या उलट. म्हणजे ४२ उत्तरे जुळली, ८४ टक्के. छान वाटते ना? पण बहुतेक जणी "नाही"च म्हणत असतील तर निव्वळ योगायोगानेही बरीच उत्तरे जुळणार. पहिल्या वेळी "हो" २६ टक्के, दुसऱ्या वेळी २२ टक्के. योगायोगाने जुळण्याचा वाटा: ०.२६ × ०.२२ + ०.७४ × ०.७८, म्हणजे सुमारे ०.६३४. तो वजा करून जे मोजतात त्याला कोहेनचा कापा म्हणतात. जेकब कोहेन यांनी तो १९६० मध्ये मांडला.

(०.८४ − ०.६३४) ÷ (१ − ०.६३४) = ०.५६

८४ टक्क्यांचे ०.५६ झाले. ठीकठाक, पण सुधारणेला जागा आहे. मग उत्तर बदललेल्या त्या आठ जणींकडे परत जा आणि का बदलले ते विचारा. प्रश्नाची दुरुस्ती तिथूनच सापडते.

अनेक प्रबंधांत सगळ्या प्रश्नावलीसाठी क्रॉनबाखचा अल्फा हा एकच आकडा दिलेला असतो. अल्फा चालतो तो एकच गोष्ट मोजणाऱ्या प्रश्नांच्या गटाला. उदाहरणार्थ, घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द किती चालतो, यावरचे सहा प्रश्न. वय, नळ आणि धागा कटिंग यांचा मिळून अल्फा काढण्याला अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. अम्मीला "काम करती हैं?" असे शंभर वेळा विचारले असते, तरी ती शंभर वेळा "नहीं" म्हणाली असती. उत्तर अगदी स्थिर, आणि चूक. आमच्या धंद्यातही चुकलेला प्रोग्रॅम रोज न चुकता तेच चुकीचे उत्तर देतो. म्हणून विश्वसनीयतेचा आकडा एकटा पुरत नाही. काही घरांत प्रश्नाच्या उत्तराशेजारी दुसरा पुरावा ठेवा: घरात माल दिसला का, नगांचा हिशेब लिहिलेली वही आहे का. अर्थात वही बघायची ती बाईच्या परवानगीनेच.

तेव्हा अहवालात "प्रश्नावली तपासून विश्वसनीय आढळली" असे लिहून मोकळे होऊ नका. कोणाशी बोलून प्रश्न घडवला, कोणत्या भाषांत विचारला, पूर्वचाचणी किती घरांत झाली, कोणता प्रश्न कशामुळे बदलला, फेरचाचणी किती दिवसांनी आणि किती जणींची, कापा किती, आणि कोणते प्रश्न शेवटपर्यंत डळमळीत राहिले, हे सगळे लिहा. डळमळीत प्रश्न लपवला तर वाचणारा त्याच्या आकड्यावरही तितकाच भरवसा ठेवेल.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या दोघी-तिघींशी बोलून त्यांच्या कामाचे शब्द लिहून आणा. प्रश्न आपण त्यानंतर लिहू.