प्रश्न नको, कागद मागा



गावातला सिमेंटचा रस्ता वर्षभरात उखडला, की लोक माहितीच्या अधिकारात अर्ज करतात आणि विचारतात, ‘रस्ता निकृष्ट का झाला? याला जबाबदार कोण?’ महिनाभरानं उत्तर येतं, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ चीड येते, आणि ती योग्यच आहे. पण 2005 च्या कायद्यानं आपल्याला हक्क मिळाला तो कार्यालयाच्या दप्तरात असलेली माहिती मिळवण्याचा. अधिकाऱ्याकडून कारणं लिहून घेण्याचा नाही. म्हणून कागद मागा, नावानिशी मागा.

समजा, रस्ता जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागानं केला आहे. महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ठरलेला आहे, जोडपत्र ‘अ’. तो तिथल्या जन माहिती अधिकाऱ्यांना उद्देशून लिहायचा. नाव-पत्त्यानंतरचे रकाने असे भरा:

माहितीचा विषय: (गावाचे नाव) येथील शाळा ते बसथांबा काँक्रीट रस्ता
कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024
माहितीचे वर्णन: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने व अंतिम देयक यांच्या प्रती
माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः: व्यक्तिशः

यातली मोजमाप पुस्तिका विसरू नका. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी अभियंता त्यात नोंदवतो आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. पुस्तिकेत जाडी पंधरा सेंटिमीटर लिहिली असेल आणि उखडलेल्या कडेला टेप लावल्यावर दहाच भरत असेल, तर तुमच्या तक्रारीला पुरावा मिळाला.

एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. रस्ता आणि पाणीयोजना एकत्र करू नका. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कुणी विचारलं तरी लिहू नका. शुल्क दहा रुपये, त्यासाठी कोर्ट फी स्टँप चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारानं दाखला जोडला, की शुल्क माफ.

उत्तराची मुदत 30 दिवसांची. प्रतींसाठी पानामागे दोन रुपये भरा असं पत्र आलं, तर लगेच भरा. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस या तिसात धरत नाहीत, इथं पुष्कळांचा हिशेब चुकतो. मुदत उलटूनही उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, वीस रुपयांचा स्टँप लावून जोडपत्र ‘ब’ मध्ये अपील करा. उशिरा दिलेली माहिती कायद्यानं विनामूल्य द्यावी लागते, तेही अपिलात मागा.

हे सारे दिवस मोजले जातात अर्ज पोचल्याच्या तारखेपासून. तेव्हा आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.